ठरलेली सोडत

डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनला केऑस कॉम्प्युटर क्लबचे वार्षिक अधिवेशन भरले होते. तिथे कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ या दोघांनी पडद्यावर काही छायाचित्रे दाखवली. ‘मायफेअर क्लासिक’ या कार्डातल्या चिपचे थर एकेक करून घासत नेऊन, प्रत्येक थराचा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढलेला होता. हे कार्ड १९९४ पासून बाजारात होते. लंडनच्या ऑयस्टर कार्डात आणि नेदरलँड्सच्या ‘ओव्ही-चिपकार्ट’मध्ये हीच चिप होती, आणि जगभरच्या असंख्य कार्यालयांची दारेही तिच्यावरच उघडत. तिच्यातली सांकेतिक लिपी कंपनीने गुप्त ठेवली होती. ती आता फोटोंतून वाचली जात होती.

या फोटोंमध्ये एक अगदी छोटा कोपरा होता, ज्याचे काम यादृच्छिक म्हणजे आधी सांगता न येणारी संख्या देण्याचे होते. तिथे सोळा फ्लिप-फ्लॉप एका ओळीत होते आणि त्यांच्या जोडीला तीन एक्सॉर गेट. चिपच्या संरक्षणाचा पाया म्हणायचा तो एवढाच.

अशा मांडणीला लिनिअर फीडबॅक शिफ्ट रजिस्टर म्हणतात. तिचे काम कागद-पेन्सिलीने करून पाहता येते, आणि ते करून पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. चार कप्पे एका ओळीत आखावेत आणि त्यांत डावीकडून १, ०, ०, ० असे आकडे लिहावेत. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला सगळे आकडे एक घर उजवीकडे सरकतात. शेवटच्या घरातला आकडा बाहेर पडतो. तोच ‘यादृच्छिक’ बिट. डावीकडे मोकळ्या झालेल्या पहिल्या घरात काय भरायचे, हे सरकण्याआधीच्या शेवटच्या दोन घरांवरून ठरते. दोन्हींत सारखाच आकडा असेल तर ०, वेगवेगळा असेल तर १. या ‘सारखे की वेगळे’ तपासणीलाच एक्सॉर म्हणतात. यापलीकडे यंत्रात काहीही नाही.

१००० पासून सुरुवात केली की कप्प्यांत पुढे ०१००, मग ००१०, मग १००१, मग ११०० अशा स्थिती येत जातात. बाहेर पडणारे बिट ओळीने लिहिले तर ०००१००११०१०१११ आणि शेवटी आणखी एक १ असे पंधरा आकडे मिळतात; सोळाव्या ठोक्यापासून तीच ओळ पुन्हा सुरू होते. चार कप्प्यांच्या एकूण सोळा स्थिती असतात. त्यांतली ०००० ही मात्र वाटेत कधीच येत नाही, कारण शून्य आणि शून्य सारखेच, म्हणून पुन्हा शून्यच भरले जाणार. त्या स्थितीत यंत्र अडकले की अडकले. उरलेल्या पंधराही स्थितींना मात्र ते एकेकदा भेट देऊन येते. आठ एक, सात शून्य; दिसायला नाणेफेकीसारखेच.

कोणत्या घरांचा एक्सॉर घ्यायचा हे नीट निवडले, तर कप्पे वाढवत गेल्यावर ही फेरी झपाट्याने लांबते. सोळा कप्प्यांना ६५,५३५ ठोके. चौसष्ट कप्प्यांचे रजिस्टर सेकंदाला दहा लाख बिट देत राहिले तर एक फेरी पुरी व्हायला सुमारे ५ लाख ८४ हजार वर्षे लागतील. सिलिकॉनवर जागा अगदी थोडी, वीज नगण्य, आणि इतका लांब पल्ला. अभियंत्यांना ही चीज आवडते यात नवल नाही. सॉलोमन गोलोम्ब यांनी १९६७ मध्ये या रजिस्टरांवर लिहिलेला ग्रंथ आजही चाळला जातो.

पुष्कळ ठिकाणी तर बिटांची ओळ आधीच ठाऊक असणे हीच गरज असते. जीपीएसचा प्रत्येक उपग्रह दहा-दहा कप्प्यांच्या दोन रजिस्टरांतून १,०२३ बिटांचा संकेत तयार करून दर मिलिसेकंदाला पाठवतो. भारताच्या ‘नाविक’ची नागरी सेवाही याच लांबीचे संकेत वापरते. जमिनीवरचा रिसीव्हर तीच ओळ स्वतःजवळ बनवतो आणि आलेल्या संकेताशी जुळवून किती उशीर झाला ते मोजतो. उपग्रहाची ओळ खरोखरच कोणाला सांगता आली नसती, तर मोबाइलला आपण कुठे आहोत हे कळलेच नसते.

अडचण येते ती फेरीच्या लांबीला गुप्ततेची हमी समजल्यावर. समजा, चार कप्प्यांचे रजिस्टर बंद डब्यात आहे आणि एक्सॉर कोणत्या घरांचा आहे हेही माहीत नाही. बाहेर आलेले पहिले आठ बिट तेवढे दिसले: ०, ०, ०, १, ०, ०, १, १. एवढे मात्र नक्की की प्रत्येक नवा बिट आधीच्या चार बिटांपैकी काहींचा एक्सॉर आहे. पाचवा बिट शून्य आला, तेव्हा त्याच्या आधी ०, ०, ०, १ होते. म्हणजे लगतचा बिट हिशेबात नाही. असता तर पाचवा १ आला असता. सहाव्याच्या आधी ०, ०, १, ० होते आणि तोही शून्य, म्हणून एक सोडून मागचा बिटही नाही. सातव्याच्या आधी ०, १, ०, ० होते आणि तो १ आला, तेव्हा त्याच्याही मागचा बिट हिशेबात आहे. आठव्याच्या आधी १, ०, ०, १ होते. त्यातला लगतचा आपण आधीच वगळला आहे, तरीही बिट १ आला. तेव्हा सर्वांत मागचा बिटही आहे. डबा उघडला. यापुढचा प्रत्येक बिट हा चार आणि तीन घरे मागच्या बिटांचा एक्सॉर. नववा बिट पाचव्या-सहाव्यावरून शून्य यायला हवा, आणि वरच्या ओळीत तो तसाच आहे.

चार कप्प्यांना आठ बिट पुरले. कप्पे कितीही असोत, त्यांच्या दुप्पट बिट पुरतात. एल्विन बर्लेकॅम्प यांनी १९६८ मध्ये वेगळ्याच कामासाठी मांडलेली एक गणिती रीत जेम्स मॅसी यांनी १९६९ मध्ये शिफ्ट रजिस्टरांच्या भाषेत बसवली; कप्प्यांची संख्या माहीत नसली तरी ती रीत शोधून काढते. त्या ५ लाख ८४ हजार वर्षांच्या रजिस्टराला ती १२८ बिटांत पकडते, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून थोड्या अधिक वेळात. कारण नावातल्या ‘लिनिअर’मध्येच आहे. एक्सॉरवर एक्सॉर कितीही रचले तरी शेवटी हाती येतात ती पहिल्या पायरीचीच समीकरणे, आणि तशी समीकरणे शाळेतल्यासारखी एकेक अज्ञात वगळत सुटतात. एक आणि शून्य किती आले हे मोजणाऱ्या चाचण्यांना यातले काही दिसत नाही. त्यांना पसारा समान हवा असतो आणि तो समानच असतो.

आता पुन्हा त्या कार्डाकडे. दारापाशी कार्ड धरले की वाचकयंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला वीज मिळते. कार्ड एक ३२ बिटांची संख्या पाठवते, तिला आव्हान म्हणू. गुप्त किल्ली ज्याच्यापाशी आहे ते यंत्रच या आव्हानाचे योग्य उत्तर सांकेतिक रूपात देऊ शकते. दर खेपेला आव्हान नवे असेल, तर कालचे उत्तर चोरून ऐकलेल्याला आज त्याचा उपयोग नाही. ३२ बिटांत ४२९ कोटी संख्या मावतात. पण ही संख्या सोळाच कप्प्यांच्या रजिस्टरातून येत होती. पहिले सोळा बिट कळले की उरलेले सोळा ठरलेलेच. खरी आव्हाने फक्त ६५,५३५.

याहून वाईट म्हणजे वीज मिळताच रजिस्टर दर वेळी एकाच स्थितीतून सुरू होई. ठोके सेकंदाला सुमारे १ लाख ६ हजार, म्हणजे पूर्ण फेरी ०.६२ सेकंदात. वीज दिल्यापासून किती वेळाने आव्हान मागितले, एवढ्यावरच ते काय येणार हे ठरत होते. माणसाच्या हाताने कार्ड धरले तर हा वेळ दर खेपेला थोडा बदलतो, म्हणून नेहमीच्या वापरात कोणाला काही खटकले नाही. हल्लेखोराचे यंत्र मात्र क्षेत्र बंद करते, चालू करते, मोजून ठरावीक वेळ थांबते आणि हवे तेच आव्हान पुन्हा मिळवते. मग रेकॉर्ड केलेले जुने उत्तर चालून जाते.

रजिस्टराने आणखी एका दाराने घात केला. कार्डाच्या आव्हानाला वाचकयंत्राचे उत्तर म्हणजे तीच संख्या त्याच रजिस्टरात चौसष्ट ठोके पुढे नेलेली. कार्डाचे प्रत्युत्तर म्हणजे शहाण्णव ठोके पुढे नेलेली. दोन्ही सांकेतिक रूपात जातात हे खरे. पण मूळ आव्हान हवेतून उघडेच गेलेले असते. ऐकणारा मूळ उत्तरे स्वतः काढतो, सांकेतिक उत्तरांशी त्यांचा एक्सॉर करतो आणि लपवण्यासाठी मिसळलेले ६४ बिट त्याच्या हातात पडतात. हे बिट देणारा ‘क्रिप्टो-१’ हा भाग स्वतःच ४८ कप्प्यांचे असेच रजिस्टर आहे. त्याच्या बिटांवर एक वाकडी चाळणी बसवलेली आहे, त्यामुळे बर्लेकॅम्प-मॅसी तिथे सरळ लागू होत नाही. पण चाळणी फक्त एकाआड एक घरांतून बिट घेते. म्हणून कप्प्यांचे दोन गट वेगवेगळे तपासता येतात आणि काम अफाट कमी होते. किल्ली साध्या संगणकावर एका सेकंदाच्या आत मिळते.

हे नायमेखेनच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये उलगडले. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी प्रकाशन थांबवण्यासाठी न्यायालयात गेली; आर्नेमच्या न्यायालयाने जुलैमध्ये मागणी फेटाळली आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये निबंध प्रसिद्ध झाला. कंपनीची अस्वस्थता समजण्यासारखी होती. पण दोष निबंधात नव्हता, सोळा कप्प्यांत होता, आणि तो सूक्ष्मदर्शक असलेल्या कोणालाही दिसला असता.

पुढे आलेल्या याच जातीच्या कार्डांमध्ये आव्हान देणारा भाग बदलला गेला आणि ठोके मोजून आव्हान ओळखण्याची सोय गेली. क्रिप्टो-१ मात्र जुन्या यंत्रणांशी जुळवून घेण्यासाठी तसाच राहिला, आणि २०१५ मध्ये त्या सुधारलेल्या कार्डांचीही किल्ली काढण्याची रीत प्रसिद्ध झाली.

हातातले कार्ड जुन्या घडणीचे की नव्या, हे तपासायला चिप घासावी लागत नाही. कार्डाला एक आव्हान मागायचे, त्याचे पहिले सोळा बिट रजिस्टरात घालून सोळा ठोके पुढे न्यायचे आणि जे येईल ते आव्हानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी ताडून पाहायचे. खऱ्या यादृच्छिक संख्येत असा मेळ योगायोगाने बसण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक असते, तेव्हा लागोपाठ दोन-तीन आव्हानांत तो बसला तर आत तेच सोळा कप्पे आहेत.