बाळाची टाळू: खोल गेली तर आणि फुगली तर

बाळाच्या कपाळाच्या वर, डोक्याच्या मधोमध, शंकरपाळ्याच्या आकाराची एक मऊ जागा असते. तिथे कवटीची हाडे अजून एकमेकांना मिळालेली नसतात. कातडीखाली एक मजबूत पडदा असतो आणि त्याच्याखाली मेंदूभोवतीचे पाणी. बहुतेक बाळांची ही टाळू बारा ते अठरा महिन्यांच्या आसपास भरते. तोवर आतला दाब कमी झाला की ती खोल जाते, वाढला की वर येते.

ती नीट पाहायची तर बाळाला शांत असताना उभे किंवा बसते धरावे. आडव्या किंवा रडणाऱ्या बाळाची टाळू थोडी वर येतेच. बोटाचा पोटवा हलकेच फिरवला की निरोगी टाळू सपाट किंवा किंचित खोलगट लागते. तिथे उडणारी नाडी दिसली तर घाबरू नये, ती रक्तवाहिन्यांची असते.

टाळू खोल गेली की पहिली शंका शरीरातले पाणी कमी झाल्याची. पण एकट्या टाळूवर निदान होत नाही. जुलाब झालेले मूल तपासताना आरोग्य कर्मचारी मुख्यतः चार गोष्टी पाहतात: मूल किती सावध आहे, डोळे खोल गेलेत का, पाणी कसे पिते आणि पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर किती लवकर जागेवर बसते. खोल टाळू ही या चौघींना मिळणारी जोड आहे.

समजा, सात महिन्यांच्या, सात किलो वजनाच्या बाळाला रात्रीपासून पाण्यासारखे जुलाब होत आहेत. सकाळी टाळू आणि डोळे खोल गेलेले दिसतात. बाळ किरकिरते, चमचा पुढे केला की अधाशासारखे पिते, चिमटीतली कातडी सावकाश बसते. म्हणजे पाणी कमी झाले आहे, पण बाळ अजून पिऊ शकते. अशा वेळी दर किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस चार तासांत द्यायचे असते. या बाळासाठी ते ५२५ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे जास्त. हे दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात नजरेखाली द्यावे, पण तिथे जाईपर्यंत घरी सुरुवात करावी.

पाकिटावर लिहिले असेल तेवढेच पाणी घालावे. कमी पाण्यात केलेले द्रावण फार खारट होऊन बाळाला अपाय करते. वाटी-चमच्याने मिनिटा-दोन मिनिटाला एक चमचा द्यावा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. बाळ पीत असेल, पुन्हा लघवी होऊ लागली आणि डोळ्यांत तरतरी आली तर उपचार लागू पडतो आहे. बाळ सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा चिमटीतली कातडी दोन सेकंदांहून अधिक वेळ उभी राहिली, तर शिरेतून पाणी देण्यासाठी तडक रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे टाळूवर तेल घालून ती ‘भरतात’. पण ते तेल पडद्यातून आत जात नाही आणि खोल गेलेली टाळू त्याने वर येत नाही. जुलाबात तेल चोळण्यात गेलेला तास ओआरएस पाजण्याचा होता.

टाळू फुगण्याचा मामला वेगळा आहे. शांत, उभ्या धरलेल्या बाळाची टाळूसुद्धा घट्ट आणि वर आलेली लागली तर कवटीतला दाब वाढला असू शकतो. मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग, म्हणजे मेनिन्जायटिस, हे त्याचे सर्वांत तातडीचे कारण. डोक्याला मार लागून किंवा आपोआप झालेला रक्तस्राव हे दुसरे. मेंदूतले पाणी साचत गेले तर डोक्याचा घेर अपेक्षेपेक्षा भराभर वाढतो, म्हणून प्रत्येक भेटीत तो मोजून घ्यावा.

नऊ महिन्यांच्या लसीबरोबर मिळणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या डोसानंतर काही बाळांची टाळू एक-दोन दिवस फुगते आणि आपोआप बसते. तरीही हे कारण आईवडिलांनी ठरवू नये, डॉक्टरांना दाखवावे. फुगलेल्या टाळूसोबत ताप, वारंवार उलट्या, दूध न ओढणे, किंचाळल्यासारखे रडणे, झटके किंवा गुंगी असेल तर थांबायला वेळच नाही. अगदी तान्ह्या बाळाला मेनिन्जायटिसमध्ये ताप येईलच असे नाही, मानही ताठ होईलच असे नाही.

उलटी बाजूही लक्षात हवी. मेनिन्जायटिस झालेल्या बाळाच्या उलट्यांमुळे अंगातले पाणी कमी झाले असेल, तर एरवी फुगणारी टाळू सपाट दिसू शकते. म्हणून टाळू सपाट असली तरी दूध सोडलेल्या, गुंगीतल्या बाळाला त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांकडे न्यावे.