कलप आठवड्यागणिक कसा उतरतो?

पांढरे केस पूर्ण झाकण्याचं आश्वासन डायच्या खोक्यावर ठळक अक्षरांत असतं. ते किती दिवस टिकेल, याचा मात्र उल्लेख नसतो. गडद तपकिरी छटेचा कायमस्वरूपी क्रीम डाय मी काही आठवडे वापरला, त्याचा हा अनुभव.

ट्यूबमधलं क्रीम आणि बाटलीतला डेव्हलपर लावण्याच्या आधी लगेच कालवायचा. डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे केसाच्या आत रंग तयार होतो आणि ही क्रिया कालवल्याबरोबर सुरू होते, त्यामुळे उरलेलं मिश्रण ठेवून चालत नाही. कानशिलांवरचे पांढरे केस रंग लवकर धरत नाहीत. म्हणून सुरुवात तिथूनच केली, थर जाड दिला आणि पत्रकात लिहिलेला पूर्ण वेळ थांबले. भांगात एकही पांढरा केस उरला नाही. कानशिलांवर छटा जरा फिकी राहिली.

पहिला आठवडा रंग एकसारखा होता. पहिल्या एक-दोन धुण्यांत पाण्याला तपकिरी झाक आली, टॉवेलवरही डाग पडले. तिसऱ्या आठवड्यात उन्हात पाहिलं, तर टोकांकडे तांबूस झाक दिसू लागली होती. पेरॉक्साइड काळ्या केसातला मूळ रंगही थोडा उडवतं आणि वरचा डाय धुतला गेला की ती तांबूस छटा उघडी पडते. पांढऱ्या केसात मुळात रंगच नसतो, त्यामुळे तो तांबूस होण्याऐवजी पातळ, सोनेरी दिसू लागतो.

महिनाभरात केस साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे भांगातली पांढरी रेघ ही डायची खोट नव्हे. तो नवा केस आहे. खरी परीक्षा रंगवलेल्या लांबीवर करायची. तिथे पाचव्या आठवड्यातही पांढरेपणा झाकलेला होता, चमक मात्र कमी झाली होती.

टच-अप करताना डाय फक्त मुळांना लावला. शेवटची पाच मिनिटं ओल्या कंगव्याने तो खालपर्यंत ओढला, तेवढ्याने तांबूसपणा दबला. दरवेळी सगळ्या केसांना पूर्ण वेळ डाय लावला, तर टोकं काळवंडतात आणि कोरडी पडतात.

बहुतेक कायमस्वरूपी डायमध्ये पीपीडी किंवा त्याच जातीचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यानंतरही उद्भवू शकते. म्हणून टच-अपच्या आधीही कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबावं. खाज, पुरळ किंवा सूज आली, तर तो डाय वापरू नये.

माझं मत सांगायचं, तर झाकण्याच्या कामात हा डाय चोख आहे, छटा टिकवण्यात मध्यम. दर महिन्याला मुळांसाठी तासभर काढता येत असेल, तरच घ्यावा. आणि छटा काळ्याऐवजी तपकिरी निवडावी. मुळांशी पांढरं दिसू लागलं, तरी रेघ तितकी उठून दिसत नाही.