विश्लेषण : कुंडलीत ‘शनी नीच’ म्हणजे आयुष्यभर अपयश? शनीची रास आणि स्थान कसे वाचतात?

मोबाइलवर जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकले की मिनिटभरात कुंडली तयार होते. त्यात लाल अक्षरांत ‘शनी नीच’ असे दिसले की घरात कुजबुज सुरू होते. मुलाची नोकरी, लग्न, सगळ्याच अडचणींचे खापर त्या दोन शब्दांवर फुटते. साडेसाती गोचर शनीची, म्हणजे आज आकाशात फिरणाऱ्या शनीची असते. जन्मकुंडलीतील शनी हा वेगळा विषय आहे. तो वाचण्याची परंपरागत रीत नेमकी काय आहे?

रास संपूर्ण वर्गाची, स्थान एकट्याचे

शनीला शनैश्चर म्हणतात, म्हणजे हळू चालणारा. राशिचक्राची एक फेरी पूर्ण करायला त्याला साधारण साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्यामुळे एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे असतो. तूळ ही त्याची उच्च रास, मेष ही नीच रास, तर मकर आणि कुंभ या स्वतःच्या राशी मानल्या जातात.

एप्रिल १९९८ ते जून २००० या काळात शनी मेषेत होता. म्हणजे त्या दोन वर्षांत जन्मलेल्या प्रत्येकाच्या कुंडलीत शनी नीच आहे. दहावीच्या एका वर्गातील जवळपास सगळी मुले यात आली. नोव्हेंबर २०११ ते नोव्हेंबर २०१४ दरम्यान, मधले काही आठवडे सोडले तर, जन्मलेल्या सगळ्यांचा शनी उच्च आहे. एवढ्यावरून कुणा एकाचे भविष्य सांगता येत नाही, हे कुठलाही जाणकार ज्योतिषी मान्य करील.

फरक पडतो तो स्थानामुळे. जन्मवेळी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते ते लग्न. ते साधारण दर दोन तासांनी बदलते. लग्न बदलले की तोच मेषेचा शनी वेगळ्या स्थानात जातो. रास शनीचा स्वभाव सांगते आणि स्थान आयुष्यातले क्षेत्र, अशी ही विभागणी आहे. शनी ज्या स्थानात असेल तिथे माणूस धास्तावलेला असतो, तिथेच त्याला शिस्त लावून घ्यावी लागते आणि तिथले फळ उशिरा मिळते, असे मानतात. दुसऱ्या स्थानी ही धास्ती पैशाची आणि बोलण्याची, चौथ्यात घराची, सातव्यात जोडीदाराची. तिसरे, सहावे, दहावे आणि अकरावे ही उपचय स्थाने, म्हणजे जिथे फळ वयाबरोबर वाढत जाते. शनीसारखे कठोर ग्रह तिथे बरे मानले जातात.

चौकटीतला आकडा फसवतो

इथे एक नेहमीची चूक होते. महाराष्ट्रात वापरल्या जाणाऱ्या कुंडलीत वरचा मधला चौकोन हे पहिले स्थान. तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचे. चौकटीत छापलेला आकडा मात्र राशीचा असतो, स्थानाचा नव्हे. ‘१’ लिहिलेल्या घरात शनी दिसला म्हणून ‘आमचा शनी पहिल्या स्थानी’ असे सांगणारे बरेच भेटतात. तो १ म्हणजे मेष रास.

एक उदाहरण

समजा, एका मुलीचा जन्म १५ ऑगस्ट १९९९ रोजी पहाटे पाच वाजता पुण्यात झाला. त्या वेळी कर्क लग्न होते. वरच्या चौकोनात ४ हा आकडा येईल आणि उजवीकडच्या मधल्या चौकोनात १. तो चौकोन दहावे स्थान, कामाचे आणि नावलौकिकाचे. शनी तिथे, मेषेत, नीच.

मेष ही मंगळाची उतावळी रास आणि शनी सावकाश. दोघांचे जमत नाही, म्हणून इथला शनी कच्चा धरतात. दहाव्या स्थानी त्याचे वर्णन असे केले जाते : चारचौघांत चूक होईल याची भीती, वरिष्ठांचे दडपण, काम सुरू करण्याची घाई आणि मध्येच हात आखडता घेणे. नोकरीची पहिली वर्षे यातच जातात, असे ज्योतिषी सांगतील.

पण वाचन इथे थांबत नाही. नीच ग्रह ज्या राशीत आहे, तिचा स्वामी लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या स्थानी असेल तर नीचभंग होतो, असा नियम आहे. मेषेचा स्वामी मंगळ. त्या दिवशी तो तुळेत, म्हणजे या कुंडलीत चौथ्या स्थानी होता. नीचभंग झाला. शिवाय गुरूही मेषेत शनीसोबत आहे. ॲपवरची लाल अक्षरे ही पुढची पायरी अनेकदा दाखवतच नाहीत. अर्थात नीचभंग म्हणजे राजयोग हाती आला, असेही नाही. मंगळ आणि शनी समोरासमोर असल्याने घाई आणि दिरंगाईची ओढाताण या कुंडलीत राहतेच.

शनीची दृष्टी आपल्या स्थानापासून तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या घरावर पडते. या मुलीच्या दहाव्या घरातून ती बाराव्या, चौथ्या आणि सातव्या स्थानावर जाते. सातव्यात मकर, शनीची स्वतःची रास. त्यामुळे ‘लग्न उशिरा, पण टिकाऊ’ असा अर्थ लावला जातो.

हीच मुलगी दोन तास उशिरा, सात वाजता जन्मली असती तर लग्न सिंह झाले असते आणि शनी दहाव्यातून नवव्या स्थानी गेला असता. कामाऐवजी वडील, गुरुजन आणि उच्च शिक्षण यांचा विषय निघाला असता. त्या दिवशी पुण्यात लग्न बदलले ते साडेसहाच्या थोडे आधी. जन्मवेळ ‘सूर्योदयाच्या सुमारास’ एवढीच ठाऊक असेल, तर शनीचे स्थान ठामपणे सांगताच येत नाही.

उशीर म्हणजे किती?

परंपरेत शनी छत्तिशीनंतर पक्व होतो असे मानतात. शनी जन्मराशीत परत येणे हा आणखी एक टप्पा. या मुलीसाठी तो जून २०२७ मध्ये सुरू होईल, तेव्हा ती सत्ताविशी पूर्ण करून अठ्ठाविसाव्या वर्षात असेल. मोठा हिशेब मात्र विंशोत्तरी दशेचा असतो. त्यात शनीची महादशा १९ वर्षांची. जन्मवेळी चंद्र हस्त नक्षत्रात असल्याने तिची पहिली दशा चंद्राची, मग मंगळ सात, राहू अठरा आणि गुरू सोळा वर्षे. शनीची दशा येते पन्नाशीच्या आसपास. म्हणजे आज कुणी तिला ‘शनी नीच आहे, तातडीने नीलम घ्या’ म्हणत असेल, तर त्याने दशा पाहिलेली नाही. शिवाय कर्क लग्नाला शनी सातव्या आणि आठव्या स्थानाचा स्वामी होतो, त्यामुळे जुन्या वळणाचे अनेक ज्योतिषीही अशा कुंडलीला नीलम सुचवत नाहीत.

विज्ञान काय म्हणते?

हे सारे परंपरेचे नियम आहेत. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवण्यात आल्या. त्यांतील प्रत्येकी ४० कुंडल्या ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकेच निघाले. चाचणीत एकट्या शनीचा प्रश्न नव्हता, संपूर्ण कुंडली समोर होती आणि ती कशी वाचायची हे ज्योतिषांवरच सोपवलेले होते.