आपण कोण हे विसरून नियम ठरवला तर?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की प्रत्येकीला आपलंच म्हणणं न्यायाचं वाटतं. जिची बचत जास्त ती म्हणते, "बचतीच्या प्रमाणात कर्ज द्या." जी नवीन आलेली असते ती म्हणते, "सगळ्यांना सारखं द्या." जिच्या घरात आजारपण असतं ती म्हणते, "गरज बघून द्या." यातली कुणी लबाड नसते. पण आपण ज्या जागी बसलोय तिथून जे दिसतं, तेच आपल्याला बरोबर वाटतं. मग न्यायाचा नियम ओळखायचा कसा?

यावर अमेरिकेतले तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली एका पुस्तकात एक रीत मांडली. तिला 'अज्ञानाचा पडदा' म्हणतात. समजा, आपण सगळ्या एका पडद्याआड बसलोय आणि गावाचे नियम ठरवतोय. पडदा उचलला की त्याच गावात आपल्याला राहायचं आहे. पण तिथं आपण कोण असू, हे आत्ता माहीत नाही. श्रीमंत की गरीब, कुठल्या जातीच्या, शिकलेल्या की अंगठा लावणाऱ्या, धडधाकट की आजारी, काहीच नाही. आपला देवधर्म काय आणि आपल्याला कशाची आवड, हेसुद्धा माहीत नाही.

मात्र जगाची रीत माहीत आहे. माणसं आजारी पडतात, पाऊस दगा देतो, कधी २०१९ सारखा महापूर येतो, कुणाचा नवरा अकाली जातो, हे सगळं ठाऊक आहे. फक्त ते कुणाच्या वाट्याला येणार ते ठाऊक नाही. अशा वेळी आपण जो नियम निवडू, तो न्यायाचा असण्याची शक्यता जास्त, असं रॉल्स यांचं म्हणणं. कारण स्वतःची बाजू घ्यायला स्वतःची बाजूच माहीत नसते.

हेरवाडचा ठराव पडद्याआडून बघू

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आणि पायातली जोडवी काढणं हे गावात बंद करायचं, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

हेरवाडच्या लोकांनी रॉल्स यांचं पुस्तक वाचून ठराव केला, असं अजिबात नाही. पण हा ठराव न्यायाचा का, हे त्या पडद्यानं चांगलं कळतं.

आधी पडदा नसताना काय होतं बघा. प्रथा पाळायची की नाही हे बहुतेक वेळा अंत्यविधीच्या दिवशी ठरतं. ठरवणारे असतात भाऊबंद, जाणती माणसं आणि जमलेल्या सुवासिनी. त्यांच्यापैकी कुणाच्याच बांगड्या त्या दिवशी फुटणार नसतात. जिच्या फुटणार, ती शोकात असते आणि तिला कुणी विचारतही नाही. म्हणजे नियमाचा भार एकीवर आणि निर्णय दुसऱ्यांच्या हातात. एखादी म्हातारी म्हणते, "आम्हीपण सोसलंच की." तिचं दुःख खरं आहे. पण आपण सोसलं, हे दुसरीनं सोसण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता पडद्याआड बसू. पहिली पायरी, काय झाकायचं? तुमचा नवरा हयात आहे की नाही, तुम्ही सासू की सून, बाई की पुरुष, हे झाका. दुसरी पायरी, काय उघडं ठेवायचं? लग्न झालेल्या बाईवर ही वेळ कधीही येऊ शकते. आलीच तर तिला पोरं सांभाळायची असतात, कामाला जायचं असतं, चार लोकांत वावरायचं असतं. हळदीकुंकवाला न बोलावणं, शुभकार्यात मागं उभं करणं, हे पुढं वर्षानुवर्षं चालतं. तिसरी पायरी, प्रत्येक नियमात सगळ्यात वाईट जागा कुणाची आणि ती किती वाईट, हे तपासायचं. प्रथा चालू ठेवली तर सगळ्यात वाईट जागा विधवेची. प्रथा बंद केली तर सुवासिनीचं काय जातं? तिचं कुंकू तिच्याच कपाळावर राहतं. आपण कुठल्या जागी जाणार हे माहीत नसताना पहिला नियम कोण निवडेल?

इथं एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. पडद्याआड आपली श्रद्धाही झाकलेली असते. पडदा उचलल्यावर आपण स्वतःहून कुंकू न लावणारी बाईही असू शकतो. म्हणून "विधवेनं कुंकू लावलंच पाहिजे" असाही नियम तिथं निवडला जाणार नाही. निवडला जाईल तो एवढाच: तिच्यावर कुणी जबरदस्ती करायची नाही. रॉल्स यांचं पहिलं तत्त्व हेच आहे. सगळ्यांना सारखं मूलभूत स्वातंत्र्य, आणि ते कुणाच्या सोयीसाठी काढून घ्यायचं नाही.

या चळवळीत पुढाकार घेणारे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं होतं की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर ही प्रथा लादू नये. वेळ येण्याच्या आधी लिहून ठेवण्याला इथं महत्त्व आहे. वेळ आल्यावर कुणाची जागा कुठली हे सगळ्यांना दिसतं, मग पडदा उरत नाही.

सारखं म्हणजे न्याय, असं नेहमी नसतं

पडद्याआड सगळं समसमान वाटावं असं आधी वाटेल. पण गटाच्या कर्जावर हिशेब करून बघू. समजा, गटात १० जणी आहेत आणि हातात ४०,००० रुपये आहेत.

पहिला नियम, बचतीच्या तिप्पट कर्ज. जिची बचत १२,००० आहे ती ३६,००० घेऊन म्हैस आणते. उरले ४,०००. दुसऱ्याच आठवड्यात एकीचं पोरगं दवाखान्यात भरती झालं तर गटाकडं एवढेच शिल्लक. नियमात तिची चूक काढता येणार नाही, तरी ती सावकाराकडं जाणार.

दुसरा नियम, सगळ्यांना सारखे ४,०००. भांडण मिटलं. पण त्यात म्हैस येत नाही, दवाखानाही पुरता भागत नाही आणि गटाकडं अडीअडचणीला काहीच उरत नाही.

तिसरा नियम, १०,००० रुपये आजारपण आणि आपत्तीसाठी बाजूला. त्यातून कुणालाही, बचत कितीही असो, ५,००० पर्यंत मिळतील. राहिलेले ३०,००० धंद्याच्या कर्जाला. त्यावर दरमहा शेकडा १ रुपया व्याज आणि दर महिन्याला ३,००० मुद्दल परत. पहिल्या महिन्यात व्याज ३०० रुपये, पुढं ते दर महिन्याला ३० नं कमी होत जातं. १० महिन्यांत मुद्दल फिटतं आणि एकूण व्याज होतं १,६५०. ते आपत्तीच्या रकमेत टाकलं तर तिथं ११,६५० होतात.

या नियमात एकीला ३०,००० आणि दुसरीला ५,००० मिळतात, म्हणजे फरक आहेच. पण सगळ्यात अडचणीत असलेल्या बाईची जागा दुसऱ्या नियमापेक्षा इथं बरी आहे. मोठ्या कर्जाच्या व्याजानं तिचाच आधार वाढतोय. रॉल्स यांचं दुसरं तत्त्व असं की फरक चालेल, पण दोन अटींवर. ती वरची जागा सगळ्यांना खऱ्या अर्थानं खुली हवी आणि त्या फरकाचा फायदा सगळ्यात खालच्या माणसाला जास्तीत जास्त व्हायला हवा. धंद्याचं कर्ज दरवेळी त्याच दोघीतिघींना जात असेल तर पहिली अट मोडली. व्याज आपत्तीच्या रकमेत न जाता भलतीकडंच खर्च होत असेल तर दुसरी.

पडद्यातून डोकावतोय का?

"आपण कोण हे खरंच विसरता येतं व्हय?" असं कुणी विचारेल. नाही येत, आणि त्याची गरजही नाही. फक्त ते कारण म्हणून पुढं करायचं नाही. बोलताना "आमची बचत जास्त", "माझ्या सुनेला पाहिजे" असं आलं की समजा पडदा बाजूला झाला. एक सोपी तपासणी करता येते. नियम लिहून झाला की तो नव्या सदस्याच्या, विधवेच्या, ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या आणि अध्यक्षांच्या जागेवरून एकेकदा मोठ्यानं वाचायचा. एखाद्या जागेवरून तो म्हणवतच नसेल तर तिथं दुरुस्ती हवी.

आणखी एक सांभाळा. पडदा नियम ठरवताना वापरायचा, नियम लावताना नाही. अमुक ताईला कर्ज द्यायचं का हे ठरवताना तिची परतफेड, तिची अडचण सगळं बघावंच लागतं. शिवाय न्यायाचा नियम सापडला म्हणजे तो पाळला जातो, असं नाही. ठराव कागदावर झाला तरी अंत्यविधीच्या दिवशी जमलेल्या बायकांनी हात आवरला पाहिजे.

रॉल्स यांच्याही मांडणीत एक भोक होतं. पडद्याआड बसणारे म्हणजे कुटुंबप्रमुख, असं त्यांनी धरलं होतं. अमेरिकेतल्याच अभ्यासक सुझन मोलर ओकिन यांनी १९८९ साली यावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, मग घराच्या आतल्या न्यायाचं काय? पडदा घरातही लावायला हवा. म्हणजे शेत कुणाच्या नावावर, शेवटी कोण जेवतं, म्हातारपणी कोण कुणाचं करतं, हे नियम आपण बाई होणार की पुरुष हे माहीत नसताना ठरवले असते तर कसे ठरले असते? पुढच्या बैठकीत कर्जाचा नियम वाचून झाला की हा प्रश्नही एकदा विचारा, आणि घरी गेल्यावर घरच्या मंडळींनाही विचारा.