नावाआधी त्रास विचारावा

दवाखान्याच्या स्वागतकक्षात पहिला प्रश्न बहुधा नावाचा आणि केसपेपरचा असतो; तो दुसरा असावा. ‘या काका, बसा. काय होतंय?’ एवढ्याने साधी घाई आणि खरी तातडी वेगळी कळते.

पर्युषणात उपवास करणारे मधुमेही गृहस्थ ‘जरा चक्कर येते’ एवढेच सांगतात. अशा वेळी ‘आज उपवास आहे का? साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतले का?’ असे विचारावे. घाम, थरथर, अडखळते बोलणे दिसल्यास साखर उतरलेली असू शकते. त्यांना रांगेत न थांबवता, एकटे न सोडता, तत्काळ डॉक्टरांना कळवावे. खोळंबलेल्या इतरांना कारण व अंदाजे वेळ सांगावी. ‘काही होणार नाही’ असे मात्र म्हणू नये. ते डॉक्टरांनी ठरवायचे.