टाके, हसू आणि चार माणसांची गोष्ट

आपण हसतो तेव्हा शरीरात नेमकं काय हलतं? तोंड, असं वाटतं. पण खरं काम करतात पोटाचे स्नायू. खळखळून हसताना ते झटक्याझटक्याने आवळले जातात आणि छातीतली हवा तुकड्या-तुकड्यांनी बाहेर फेकतात. हसण्यातला एकेक ‘हा’ सेकंदाच्या तेराव्या भागाएवढा छोटा असतो, आणि एका सेकंदात असे चार-पाच ‘हा’ येतात. तेही आपल्या इच्छेविना! आता याच पोटावर ताजे टाके आहेत, अशी कल्पना करून बघा.

राहुरीच्या आमच्या आत्याचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, पोट उघडून. घरी आली तशी पोरांनी प्रेमाने ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. आजारी माणसाला हसवावं, एवढाच त्यांचा विचार. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे समोरासमोर आले आणि आत्याने दोन्ही हातांनी पोट आवळून धरलं. “अरे बंद कर रे ते, हसवत नाही मला!” डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू, दोन्ही एकदम.

साध्या हसण्याने टाके सहसा तुटत नाहीत. अडचण वेगळीच आहे. दुखतं म्हणून माणूस श्वास चोरायला लागतो. वरवरचा श्वास घेत राहिलं की फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, आणि तिथे कफ साचू शकतो. म्हणून खोकताना पोटावर उशी दाबून धरायला नर्स शिकवतात. हसतानाही तीच उशी कामाला येते. हुंदक्यांनीही पोट असंच आवळतं, तेव्हा रडवणारा सिनेमा म्हणजे सुटका नव्हे. या दिवसांत हवं ते गालातल्या गालात येणारं हसू.

हे झालं पोटाचं. डोक्यात काय चाललेलं असतं ते तर याहून अचाट आहे.

ऑपरेशनआधी भीती कमी व्हावी म्हणून पुष्कळदा मिडाझोलाम नावाचं औषध देतात. त्याचा अंमल असेतोवर माणूस डोळे उघडे ठेवून बोलतो, उत्तरंही देतो, पण नव्या आठवणी साठवायचं काम मेंदू जवळजवळ थांबवतो. त्या संध्याकाळी त्याने टीव्ही पाहिला, तर दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीच सांगता येणार नाही, असंही होतं. तेव्हा ऑपरेशनच्या दिवशी नवी मालिका सुरू करू नका. पहिला भाग पाहिला असं सगळ्यांना वाटेल, आणि तो कुठेच नोंदलेला नसेल.

औषध उतरतं, तरी गळाठा राहतोच. का? जखम भरून काढताना शरीर जी रसायनं रक्तात सोडतं, त्यांची खबर मेंदूपर्यंत पोचते आणि मेंदू हुकूम देतो: पडून राहा, भूक कमी, बोलणं कमी. आजारी जनावर कोपरा धरून बसतं, तेही याच हुकमाने. म्हणजे आत्याचं लक्ष लागत नाही यात तिचा आळस नाही. शरीराने तिची ताकद मुद्दाम दुसरीकडे वळवली आहे.

आता सिनेमा बघणं म्हणजे काय ते पाहू. आपल्याला वाटतं, आपण नुसते बघतो. प्रत्यक्षात मेंदू सतत अंदाज बांधत असतो: आता हा दार उघडेल, आता ती रागावेल. अंदाज चुकला की मेंदू तिथे एक रेघ मारतो, मागचा प्रसंग बंद करून बाजूला ठेवतो आणि नवा उघडतो. दिग्दर्शकाने कापलेल्या सिनेमाला आपला मेंदू असा पुन्हा कापतो! आणि एका वेळी हाताशी राहतात फक्त चारेक गोष्टी, तीन शेगड्यांच्या गॅसवर चौथं पातेलं कसंबसं टेकवावं तशा. अशक्तपणात त्यातलीही जागा आटते. मग तीन घराणी, दोन काळ आणि बारा संशयित असलेली मालिका कशी झेपणार?

म्हणूनच माहीत असलेल्या गोष्टीची जादू कळते. गोष्ट ठाऊक असली की अंदाज खरे ठरत जातात, रेघा मारायचे कष्ट वाचतात, आणि उरलेल्या ताकदीत चेहरे, गाणी, आवाज यांचा आनंद घेता येतो. “किती वेळा तेच बघतेस?” असं या दिवसांत कुणाला विचारू नये.

आत्यासाठी आम्ही प्रभातचा 1940 सालचा ‘संत ज्ञानेश्वर’ निवडला. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं आमच्याच जिल्ह्यातलं, आणि ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हे अहमदनगरात, ख्रिस्ती कुटुंबात 1918 साली जन्मलेले. रेडा, भिंत, सगळं आत्याला तोंडपाठ. सिनेमा दोन तासांहून मोठा, पण तो तुकड्यांनी लावायला काय हरकत? आईवडिलांचा दुःखाचा भाग वगळून पुढून सुरुवात केली आणि समाधीच्या आधी थांबलो. मधेच तिचा डोळा लागला, तरी परत उघडल्यावर ती गोष्टीत बरोबर जागेवर असायची.

नव्यासाठी ‘मालगुडी डेज’. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवर केलेली ही मालिका. बरेचसे भाग वीस-पंचवीस मिनिटांचे, आणि बहुतेक कथा त्याच भागात संपतात. काल काय झालं ते आठवायची गरजच नाही. भाग संपला की टीव्ही बंद, आणि घरातल्या घरात एक फेरी. तासन्‌तास पडून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, त्यामुळे छोटा भाग हा औषधाच्या वेळेसारखाच उपयोगी. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय मात्र सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

रात्रीचं एक नवल सांगायलाच हवं. मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन रात्री स्वप्नांची झोप जवळपास नाहीशी होते. मग मेंदू ती थकबाकी वसूल करतो! तिसऱ्या-चौथ्या रात्रीच्या आसपास स्वप्नं दाटून येतात, कधीकधी भयंकर. आधीच असा खेळ आत चालू असताना झोपण्यापूर्वी खून-दरोड्याची मालिका कशाला लावायची?

लक्ष किती परतलं ते कसं ओळखावं? भाग संपल्यावर सहज विचारायचं, “आत्या, काय झालं गं शेवटी?” दोन वाक्यांत नीट सांगता आलं तर पुढे जा. मधेच दोन-तीनदा “हा कोण?” आलं तर गोष्ट जड पडते आहे, सोपं काही लावा. मात्र शुद्ध नीट नसणं, असंबद्ध बोलणं, ताप, जखमेतून स्राव, एका पोटरीला सूज किंवा दुखणं, एकदम धाप लागणं यातलं काही दिसलं तर टीव्ही सोडून थेट डॉक्टर.

उत्तरं नीट यायला लागल्यावर आत्याची गाडी ‘पंचायत’वर गेली. एक गाव, मोजकी माणसं, कुणाला काय हवंय ते लगेच कळतं, आणि हसू बहुतेक ओठांवरचं. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग हुंदके आणतो, तो आम्ही मागे ठेवला. श्रीगोंद्याकडच्या भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ तिला कधीचा बघायचा होता. मेंढपाळांच्या भटकंतीचा तो सिनेमा अस्वस्थ करतो, संथही आहे, म्हणून तो महिन्याभराने. आणि ‘बनवाबनवी’ सगळ्यात शेवटी, खोकताना उशी लागेनाशी झाली तेव्हा.