गणपतीची शुभेच्छा, दोन ओळींची

गणेश चतुर्थीच्या सकाळी फोन उघडला की मोदक, उंदीर आणि चकाकत्या अक्षरांतल्या ओळींची चित्रं एकामागून एक येतात. दहा घरांतून तेच चित्र आलं की कुणी पाठवलं हेही लक्षात राहत नाही. शेजारणीला स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायला यापेक्षा फार वेळ लागत नाही.

गणपतीत आपण एकमेकांना म्हणत आलो ते ‘दर्शनाला या’. म्हणून या सणाची चांगली शुभेच्छा हे बहुतेक वेळा एक छोटं बोलावणं असतं. समोरच्याला हाक, त्याच्याशी जोडलेली एखादी आठवण आणि यायची वेळ, एवढं त्यात पुरतं. समजा, मागच्या वर्षी जिन्यासमोरच्या काकूंनी पूजेला जास्वंदी दिल्या होत्या. त्यांना असं लिहावं:

‘काकू, उद्या आमच्याकडे बाप्पा येतायत, दीड दिवसाचे. गेल्या वर्षीच्या तुमच्या जास्वंदी अजून आठवतात. संध्याकाळी साडेसातला आरती आहे, काकांना घेऊन नक्की या. मोदक उकडीचेच आहेत.’

यात ‘सुखसमृद्धी’ कुठेच नाही, पण हा निरोप काकूंशिवाय दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. लिहिलेलं बरं जमलं का, हे ओळखायची हीच खूण: नाव बदलून तोच निरोप दुसऱ्याला चालत असेल, तर आठवणीची ओळ अजून सापडलेली नाही. दीड दिवसाचा गणपती दुसऱ्याच दिवशी विसर्जनाला निघतो, त्यामुळे वेळ न कळवता ‘कधीही या’ म्हटलं की माणसं बहुधा येतच नाहीत. निरोप आदल्या संध्याकाळी, हरितालिकेच्या दिवशी गेलेला बरा. चतुर्थीच्या सकाळी घरोघरी पूजा आणि नैवेद्याची धांदल असते.

परगावच्या मित्राला बोलावता येत नाही, तिथे आठवणच पुढे ठेवावी: ‘मन्या, बाप्पा आले. तुझी झांज यंदा चिरंजीवांच्या हाती दिली आहे. रात्री आरती झाली की व्हिडिओ कॉल करतो, उचल.’ फक्त कॉल करणार असाल तरच हे लिहावं.

एका घराबाबत मात्र जपावं लागतं. ज्यांच्याकडे वर्षभरात कुणी गेलं आहे, तिथे अनेकदा यंदा गणपती बसत नाही किंवा साधेपणाने बसतो. त्यांना ‘आनंदाचा उत्सव’ लिहू नये. ‘वहिनी, यंदा तुमच्याकडे गणपती नाहीत हे माहीत आहे. प्रसाद घेऊन संध्याकाळी येऊन जाते, चालेल ना?’ असं विचारावं, आणि त्या नको म्हणाल्या तर ते मानावं.

सगळ्या यादीला असं लिहिणं होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. यंदा जिन्यातल्या चार-पाच घरांना आणि बरेच दिवस बोलणं न झालेल्या एका मित्राला लिहा. बाकीच्यांना भेटाल तेव्हा तोंडी सांगा.